तक्त्यात रोध वाढत जातो: तार तापली, की काटा शून्यावर नव्हता?

ओहमच्या नियमाच्या प्रात्यक्षिकात एक तक्रार दरवर्षी येते. जोडणी बरोबर आहे, व्होल्टमीटर समांतर आहे, अ‍ॅमीटर एकसर आहे, काटे नीट हलतात. पण तक्त्याचा शेवटचा रकाना, V/I, स्थिर राहत नाही. वरून खाली येताना तो हळूहळू वाढतो. पहिल्या ओळीत ४.२ ओहम आणि शेवटच्या ओळीत ४.८. कॉइलवर मात्र ५ ओहम छापलेले असते.

आकडा थोडा चुकला एवढ्यावर हे थांबत नाही. R = V/I या सूत्राकडे बघून बऱ्याच मुलांची आधीच समजूत झालेली असते की V अंशात आहे, म्हणून V वाढला की R वाढतो. शिक्षक सांगतात की तसे नाही, R हा त्या तारेचा गुण आहे, V वाढवला की त्याच प्रमाणात I वाढतो आणि भागाकार तेवढाच राहतो. मग मूल स्वतः घेतलेला तक्ता पाहते, तर V वाढताना R खरोखरच वाढलेला. हातात आलेला पुरावा चुकीच्या समजुतीच्या बाजूने उभा राहतो. म्हणून हा दोष सरासरी काढून झाकण्यासारखा नाही.

एक तक्ता समोर ठेवू. ५ ओहमची नायक्रोम कॉइल, १.५ व्होल्टचे दोन घट, सुमारे २५ ओहमचा रिओस्टॅट. ० ते ५०० मिलिअ‍ॅम्पिअरचा अ‍ॅमीटर, त्याचे ५० भाग, म्हणजे लघुतम माप ०.०१ अ‍ॅम्पिअर. ० ते ३ व्होल्टचा व्होल्टमीटर, त्याचे ६० भाग, लघुतम माप ०.०५ व्होल्ट.

| क्र. | V (व्होल्ट) | I (अ‍ॅम्पिअर) | V/I (ओहम) |
|---|---|---|---|
| १ | ०.५० | ०.१२ | ४.२ |
| २ | ०.८० | ०.१८ | ४.४ |
| ३ | १.१० | ०.२३ | ४.८ |
| ४ | १.४० | ०.३० | ४.७ |
| ५ | १.७० | ०.३६ | ४.७ |
| ६ | २.०० | ०.४२ | ४.८ |

सरासरी ४.६ ओहम. वहीत हेच उत्तर जाते आणि खाली 'त्रुटीची कारणे' मध्ये एक ठरलेले वाक्य लिहिले जाते: विद्युतधारेमुळे तार तापते व तिचा रोध वाढतो.

तार तापली, हे उत्तर इथे का बसत नाही

वाक्य खरे आहे, पण या तक्त्याला लागू नाही. नायक्रोमचा रोध तापमानाने फार थोडा बदलतो. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले तरी त्याचा रोध चार टक्क्यांच्या आतच वाढतो. म्हणून तर प्रमाणित कॉइलला अशी मिश्रधातूची तार वापरतात. तांब्याची गोष्ट वेगळी. तेवढ्याच तापमानवाढीला तांब्याचा रोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो.

आपल्या तक्त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भागाकार सुमारे १४ टक्क्यांनी वाढला आहे. एवढे नायक्रोमच्या तापण्याने व्हायचे, तर कॉइल साडेतीनशे अंशांनी तरी तापायला हवी. प्रत्यक्षात शेवटच्या ओळीत तिच्यात जेमतेम ०.८ वॅट शक्ती खर्च होते आहे. बोट लावले तर कॉइल कोमट लागेल, एवढेच.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.१ अ‍ॅम्पिअरला जेवढी शक्ती खर्च होते, त्याच्या सोळा पट ०.४ अ‍ॅम्पिअरला होते. म्हणजे कॉइल तापल्याने रोध वाढत असता, तर वरच्या दोन-तीन ओळी जवळपास सारख्या आल्या असत्या आणि फरक खालच्या ओळींत दिसला असता. इथे उलट झाले आहे. मोठी उडी वरच्या ओळींत आहे, खाली भागाकार ४.७-४.८ वर जवळजवळ थांबला आहे. वरती बिघडलेला आणि खाली सुधारत गेलेला रकाना दिसला, की कॉइलकडे बघू नये. अ‍ॅमीटरकडे बघावे.

खरे कारण: काटा शून्यावर नव्हता

प्लग कळ काढा आणि अ‍ॅमीटर पाहा. या तक्त्यातल्या अ‍ॅमीटरचा काटा धारा नसतानाही शून्याच्या पुढे दोन भागांवर उभा होता. म्हणजे प्रत्येक वाचन ०.०२ अ‍ॅम्पिअरने जास्त आले. ही शून्यांक त्रुटी.

दोन भाग म्हणजे किरकोळ, असे वाटते. पण ती त्रुटी सगळ्या ओळींत सारखीच मिसळते आणि तिचा वाटा मात्र सारखा राहत नाही. ०.१२ मध्ये ०.०२ म्हणजे सहावा हिस्सा. ०.४२ मध्ये तेच ०.०२ म्हणजे एकविसावा हिस्सा. वरच्या ओळीचा भागाकार त्यामुळे खूप खाली ओढला जातो, खालच्या ओळीचा थोडासाच. म्हणून रोध 'वाढत' गेल्यासारखा दिसतो, आणि तो वाढ संपवून ५ च्या जवळ जाऊ पाहतो.

प्रत्येक धारेतून ०.०२ वजा करून तोच तक्ता पुन्हा लिहू.

| क्र. | V (व्होल्ट) | वाचलेली I | दुरुस्त I | V/दुरुस्त I (ओहम) |
|---|---|---|---|---|
| ० | ०.०० | ०.०२ | ०.०० | – |
| १ | ०.५० | ०.१२ | ०.१० | ५.० |
| २ | ०.८० | ०.१८ | ०.१६ | ५.० |
| ३ | १.१० | ०.२३ | ०.२१ | ५.२ |
| ४ | १.४० | ०.३० | ०.२८ | ५.० |
| ५ | १.७० | ०.३६ | ०.३४ | ५.० |
| ६ | २.०० | ०.४२ | ०.४० | ५.० |

तिसऱ्या ओळीतले ५.२ मुद्दाम तसेच ठेवले आहे. तिथे काटा दोन रेघांच्या मध्ये होता आणि वाचणाऱ्याने अलीकडची रेघ धरली, एवढाच त्याचा अर्थ. ते खोडून ५.० करू देऊ नये.

वरच्या तक्त्यातली शून्य क्रमांकाची ओळ हाच या सगळ्यावरचा उपाय. प्रात्यक्षिक सुरू करताना, कळ लावण्याआधी, दोन्ही मीटरची वाचने घ्यायची आणि ती तक्त्याची पहिली ओळ म्हणून लिहायची. बहुतेक वह्यांत शून्यांक त्रुटीसाठी वेगळी जागा असते आणि तिथे मुले न बघता 'नाही' लिहून टाकतात. तीच गोष्ट तक्त्याच्या ओळीत आली की काट्याकडे बघावेच लागते. शिवाय वाचलेली धारा आणि दुरुस्त धारा असे दोन रकाने शेजारी असले, की कोणते आकडे यंत्राने दिले आणि कोणते आपण काढले हे वहीतच वेगळे राहते.

शून्य ओळ घेतलीच नसेल तर

तास संपला, मीटर कपाटात गेले, वही तपासायला आली. तरीही तक्त्यावरून दोष ओळखता येतो, कारण स्थिर त्रुटी वजाबाकीत निघून जाते. दोन ओळींतल्या V चा फरक आणि I चा फरक घ्या, आणि फरकांचा भागाकार करा.

लागोपाठच्या ओळी मात्र घेऊ नका. तिथे धारेचा फरक ०.०६ एवढाच असतो, आणि वाचताना अर्धा भाग इकडेतिकडे झाला तरी उत्तर दहा-वीस टक्क्यांनी हलते. मध्ये दोन ओळी सोडून जोड्या लावा. पहिली आणि चौथी: ०.९० भागिले ०.१८, म्हणजे ५.०. दुसरी आणि पाचवी: पुन्हा ५.०. तिसरी आणि सहावी: ०.९० भागिले ०.१९, म्हणजे ४.७. तिन्हींची सरासरी ४.९. साध्या भागाकारांची सरासरी ४.६ आली होती, हे लक्षात घ्या. शून्यांक त्रुटी किती हे माहीत नसतानाही आपण कॉइलवरच्या आकड्याजवळ पोहोचलो.

आलेखावर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. I आडव्या अक्षावर आणि V उभ्या अक्षावर घेतला, तर बिंदू सरळ रेषेत येतात, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली तर आडव्या अक्षाला ०.०२ वर छेदते. तिचा चढ मात्र बरोबर ५ असतो. अडचण इथे येते की मुले पट्टीचे एक टोक आधी (०, ०) वर रोवतात आणि मग पट्टी फिरवून बिंदूंना जमवून घेतात. असे केले की त्रुटी रेषेत मुरते आणि चढ ४.७ च्या आसपास येतो. आधी फक्त बिंदू मांडायचे, मग बिंदूंमधून जाणारी रेषा काढायची, आणि ती कुठे छेदते ते नंतर बघायचे. (अक्ष उलटे घेतले असतील तर चढ ०.२ येईल, तो १/R आहे, त्याचा व्यस्त घ्यावा लागतो. 'रोध ०.२ ओहम' असे उत्तर लिहिलेली वही दिसली तर बहुधा हेच झालेले असते.)

खरोखर तापलेली तार कशी दिसते

मुलांना तुलना दाखवायची असेल तर त्याच परिपथात कॉइलच्या जागी २.५ व्होल्ट, ०.३ अ‍ॅम्पिअरचा टॉर्चचा छोटा बल्ब लावा. पहिल्या ओळीला घट दोनच ठेवा, पुढच्या ओळींना तीन घ्या, म्हणजे रिओस्टॅटला खेळायला जागा राहील, २.५ व्होल्टच्या वर मात्र जाऊ नका. अ‍ॅमीटर शून्यावर आणलेला असेल, तर वाचने साधारण अशी येतात.

| V (व्होल्ट) | I (अ‍ॅम्पिअर) | V/I (ओहम) |
|---|---|---|
| ०.५ | ०.१२ | ४.२ |
| १.० | ०.१८ | ५.६ |
| १.५ | ०.२३ | ६.५ |
| २.० | ०.२७ | ७.४ |
| २.५ | ०.३० | ८.३ |

इथेही रकाना वाढतो, पण थांबायचे नाव घेत नाही. आता फरक काढा. पहिली ते तिसरी ओळ: १.० भागिले ०.११, म्हणजे सुमारे ९. तिसरी ते पाचवी ओळ: १.० भागिले ०.०७, म्हणजे सुमारे १४. कॉइलच्या तक्त्यात फरकांचा भागाकार एका जागी राहिला, बल्बच्या तक्त्यात तो वाढतच गेला. आलेखात कॉइलची रेषा सरळ आहे पण सरकलेली, बल्बची रेषा वाकलेली. सरकलेली रेषा म्हणजे मीटरचा दोष, वाकलेली रेषा म्हणजे वस्तूचा गुण. बल्बची तार टंगस्टनची असते आणि ती पांढरी होईपर्यंत तापते, म्हणून 'तार तापते व रोध वाढतो' हे वाक्य तिला शोभते.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की 'तापमान स्थिर असताना' ही नियमातली अट पाठांतरातून बाहेर येते. बल्बने ओहमचा नियम मोडला असे काही नाही. त्याचे तापमान स्थिर नव्हते.

काटा शून्यावरून हलतो कशाने

मीटर जुना झाला, हे एक कारण. पण ठीकठाक मीटरसुद्धा तीन गोष्टींनी फसवतो.

पहिली, मीटर कसा ठेवला आहे. काही मीटर उभे वापरायचे असतात, काही आडवे. तबकडीच्या कोपऱ्यात त्याची खूण असते. उभ्या मीटरला टेबलावर पालथ्या डब्यासारखा झोपवला, तर काट्याचा तोल बदलतो आणि तो शून्याच्या पुढेमागे बसतो. ज्या स्थितीत वाचायचे, त्याच स्थितीत शून्य बघा.

दुसरी गोष्ट आपल्या भागात जास्त भेटते. प्रात्यक्षिके बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे तेव्हा हवा कोरडी असते आणि कपाटातल्या मीटरवर वर्षभराची धूळ बसलेली असते. तास सुरू होण्याआधी कोणी तरी कोरड्या फडक्याने मीटरची काच घासून पुसतो. काच बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते. घासल्याने तिच्यावर स्थितिक प्रभार जमतो, आणि आतला हलका काटा त्या प्रभाराकडे ओढला जाऊन दोन-चार भाग सरकून बसतो. परिपथ जोडलेलाही नसतो आणि काटा धारा दाखवत असतो. ओळखायची रीत सोपी आहे: काचेजवळ बोट फिरवले की काटा थोडा हलतो. अशा वेळी शून्याच्या स्क्रूला हात लावू नका, कारण प्रभार उतरला की काटा उलट बाजूला चुकेल. ओलसर फडके काचेवरून अलगद फिरवा, किंवा तोंडाची वाफ सोडा, आणि दोन मिनिटे थांबा. बहुतेक वेळा काटा आपोआप शून्यावर येतो. फडके पुढेही ओलसरच वापरावे.

हे दोन्ही तपासून झाल्यावरच स्क्रू. काट्याच्या बुडाशी, काचेच्या खालच्या भागात, खाच असलेला छोटा स्क्रू असतो. तारा काढलेल्या असताना बारीक पेचकसाने तो अगदी थोडा फिरवायचा, मीटरवर बोटाने हलकी टिचकी मारायची, आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघायचे. टिचकीशिवाय ठरवू नये. काटा धुरीला जरा धरून बसलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट मीटरची नाही, वाचणाऱ्याच्या जागेची आहे. एका टेबलाभोवती पाच-सहा मुले असतात. अ‍ॅमीटर वाचणारा मुलगा डावीकडे बसला असेल, तर त्याला काटा उजवीकडच्या रेघेवर दिसतो. काटा तबकडीपासून थोडा उंच असतो, त्यामुळे हा दृष्टिभेद. तो प्रत्येक वाचनात साधारण तेवढाच मिसळतो, म्हणजे तक्त्यावर त्याचा ठसा शून्यांक त्रुटीसारखाच उमटतो. वाचणारा मध्येच बदलला तर तक्त्यात एका ओळीपासून पुढे सगळे भागाकार एकदम वेगळे होतात. असे दिसले तर तिथे कोण वाचत होते ते विचारा. उपाय असा की अ‍ॅमीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकानेच वाचायचा, काट्याच्या बरोबर समोर येऊन, एक डोळा मिटून, आणि शून्य ओळही त्यानेच घ्यायची.

रकाना उलटा, म्हणजे कमी होत गेला तर

काटा शून्याच्या मागे बसला असेल तर असे होते. आपल्याच कॉइलला ०.०२ ने मागे असलेला अ‍ॅमीटर ०.०८, ०.१४, ०.२० अशा धारा दाखवेल आणि भागाकार ६.३, ५.७, ५.५ असे उतरत ५.३ च्या जवळ येतील. हा दोष जास्त लपतो. शून्याच्या मागे रेघा फारशा नसतात, आणि काटा तिथल्या अडणीला टेकलेला असला तर नेमका किती मागे आहे हे वाचताच येत नाही. तेव्हा आधी स्क्रूने शून्य गाठावे. तेही जमले नाही तर जोड्यांची रीत वापरून चढ काढावा आणि शून्यांक त्रुटी आलेखावरून सांगावी.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. व्होल्टमीटर पुढे असला तरीही रकाना असाच उतरतो, आणि व्होल्टमीटर मागे असला तर चढतो. म्हणजे नुसत्या तक्त्यावरून दोषी मीटर कोणता ते कळत नाही. कळ काढून दोन्ही काटे बघायला पर्याय नाही.

कल नाहीच, नुसता गोंधळ असेल तर

भागाकार कधी ४, कधी ७, कधी ५ असे उड्या मारत असतील, तर शून्याचा प्रश्न नाही. तेव्हा जोडणीच्या टोकांकडे या. तारेवरचे एनॅमल नीट खरवडलेले नसते, प्लग कळीची पितळ काळी पडलेली असते, रिओस्टॅटच्या सरकत्या पट्टीखाली धूळ असते. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने टोके चकचकीत करून स्क्रू आवळले की बरेचसे शांत होते. तार हलवल्यावर काटा उडत असेल तर जागा तीच.

V खूप बदलतच नाही, किंवा धारा वाढवताना V उलट कमी होतो, असे असेल तर व्होल्टमीटर कॉइलच्या टोकांना नसून घटांच्या टोकांना लागलेला आहे. भागाकार तेव्हा २९ पासून ६-७ पर्यंत कोसळतो. आणि सरकती पट्टी कितीही हलवली तरी धारा बदलत नसेल, तर रिओस्टॅटच्या खालच्या दोन्ही टोकांना तारा जोडल्या आहेत. एक तार खालच्या टोकाला आणि दुसरी वरच्या दांड्याच्या टोकाला हवी.

घट उतरले, हे कारण मात्र सरसकट देऊ नये. घटाचे विभवांतर खाली आले तर कॉइलवरचा V आणि तिच्यातली I दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात, भागाकार तोच राहतो. घट उतरल्याने तक्ता बिघडतो तो एकाच परिस्थितीत: V आधी वाचला, मग चर्चा झाली, आणि I अर्ध्या मिनिटाने वाचला. म्हणून दोघांनी दोन मीटर एकाच वेळी वाचायचे, लगेच कळ काढायची, आणि मग लिहायचे. अस्थिर घटांचा त्रास खुद्द ओहमलाही झाला होता. १८२५ मध्ये त्याने रासायनिक घट वापरून मांडलेले सूत्र चुकले. पुढच्या वर्षी त्याने तांबे आणि बिस्मथची तापयुग्मी वापरून स्थिर विभवांतर मिळवले, आणि तेव्हा त्याला योग्य संबंध सापडला.

तक्ता तपासताना

ठिबकचे उदाहरण आपल्याकडे सगळेच देतात, आणि द्यावेच. रावेर-यावलच्या केळीच्या बागेतल्या मुलाला दाब, नळी आणि पाणी हे तिन्ही पाठ असतात. दाब म्हणजे विभवांतर, पाण्याचा प्रवाह म्हणजे धारा, अरुंद वाट म्हणजे रोध. पण उदाहरण इथेच थांबवा. साध्या ड्रीपरला दाब दुप्पट दिला तर पाणी दुप्पट येत नाही, साधारण १.४ पट येते. आणि दाब सांभाळणाऱ्या ड्रीपरला दाब वाढवला तरी पाणी तेवढेच राहते. हुशार मुलगा हे शेतात पाहून आलेला असतो. 'दाब वाढवला तर प्रवाह वाढतो' एवढे ठिबक शिकवते. 'त्याच प्रमाणात वाढतो' हे फक्त तक्ता शिकवतो. म्हणून तक्त्याचे आकडे खरे असायला हवेत.

सगळ्या ओळींत नेमके ५.०० आलेली वही बहुधा खरी नसते. मुले V वाचतात, कॉइलवरचा ५ बघतात आणि भागून I लिहितात. ते पकडायला लघुतम माप पुरते. ०.०१ अ‍ॅम्पिअर लघुतम माप असलेल्या मीटरवर ०.२३ वाचता येते, रेघांच्या मध्ये काटा असेल तर ०.२३५ ही म्हणता येते. ०.२२८ म्हणता येत नाही. तसे आकडे रकान्यात असतील तर ते काट्यावरून आलेले नाहीत.

भागाकारही कॅल्क्युलेटरवरचा सगळा उतरवू नये. पहिल्या ओळीत अ‍ॅमीटरचा अर्धा भाग म्हणजे चार टक्के आणि व्होल्टमीटरचा अर्धा भाग म्हणजे पाच टक्के. म्हणून तिथले ४.२ हे ३.८ ते ४.६ यांपैकी काहीही असू शकते. ४.१६६६ लिहिण्यात काही अर्थ नाही. शेवटच्या ओळीत हीच अनिश्चितता अडीच टक्क्यांच्या आत येते. वाचने मीटरच्या वरच्या अर्ध्या भागात जास्त घ्यावीत ती यासाठी. ० ते ३ अ‍ॅम्पिअरचा मीटर या कॉइलला लावू नये तोही यासाठी: त्याच्या पट्टीवर ०.४ अ‍ॅम्पिअर म्हणजे काटा जेमतेम सुरुवातीला हललेला.

गुण देताना ज्या वहीत शून्य ओळ आहे, दुरुस्त धारेचा रकाना आहे आणि भागाकार ४.८ ते ५.२ मध्ये खाली-वर होतात, तिला पूर्ण गुण द्यावेत. ज्या वहीत रकाना चढता आहे पण खाली 'काटा शून्याच्या दोन भाग पुढे होता' असे लिहिले आहे, तिलाही जवळपास तेवढेच. तोंडी परीक्षेत मग एकच प्रश्न विचारायचा: हाच अ‍ॅमीटर १० ओहमच्या कॉइलला लावला, V तेवढेच ठेवले, तर पहिल्या ओळीतला भागाकार किती टक्क्यांनी चुकेल? धारा निम्मी होते, त्रुटी तीच राहते. ०.०५ च्या जागी ०.०७ वाचले जाते आणि १० ओहमऐवजी ७.१ येतात, म्हणजे सुमारे २९ टक्के कमी. ५ ओहमला ही चूक १७ टक्के होती.